युरोपला पोलादी माल पाठवणाऱ्या सोलापूरच्या कारखानदारांसाठी सीबॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार, त्यांचे अकाउंटंट आणि एक्स्पोर्टचं काम बघणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर फोर्जिंग आणि फ्लॅंजवर आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे. उदाहरणांत कार्बनचा भाव टनाला ७५ युरो आणि युरोचा दर १०० रुपये धरला आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून हे आकडे घेतले आहेत, प्रत्यक्ष भाव त्या त्या वेळचा घ्यावा.

१. सीबॅम म्हणजे नक्की काय? ही नवी कस्टम ड्यूटीच का?

ड्यूटी मालाच्या किमतीवर लागते. सीबॅम, म्हणजे युरोपची ‘कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम’, आयात माल बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्यावर लागतो. एकाच किमतीचे, एकाच मापाचे दोन फ्लॅंज शेजारशेजारच्या कंटेनरमधून रॉटरडॅमला उतरले तरी त्यांचा सीबॅम वेगळा असू शकतो, कारण एकाचं पोलाद कोळशावर बनलं आणि दुसऱ्याचं भंगार वितळवून.

युरोपीय संघाने २०२३ च्या मे महिन्यात हा कायदा केला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात फक्त माहिती द्यायची होती, पैसे नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर पैसे लागू झाले.

२. पण युरोपने हे सुरू का केलं? आपला माल अडवायलाच ना?

दोन्ही गोष्टी आहेत. युरोपात २००५ पासून उत्सर्जन परवान्यांचा बाजार आहे. तिथल्या पोलाद कारखान्याला हवेत सोडलेल्या प्रत्येक टनामागे एक परवाना जमा करावा लागतो. भाव वाढला की कारखाना म्हणणार, मी इथे कशाला बनवू, जिथे असा खर्च नाही तिथून आणतो. मग धूर तेवढाच राहतो, फक्त त्याची जागा बदलते. यालाच कार्बन गळती म्हणतात. ती थांबवायला इतकी वर्षं युरोपने आपल्या कारखान्यांना बरेच परवाने फुकट दिले. आता ते फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि त्यांच्या जागी आयात मालावर तेवढाच भार येतो आहे.

भारत सरकारने याला एकतर्फी व्यापारी अडसर म्हटलं आहे. त्यात तथ्य आहे: ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांनीच आता नियम लिहिले आहेत. पण तुमच्या ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना हा मुद्दा कामाला येत नाही.

३. टॉवेल, चादरी, साखर, डाळिंब यांनाही लागतो का?

नाही. सध्या सहाच गटांना लागू आहे: लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. टेरी टॉवेल, सोलापुरी चादर, सूत, साखर, फळं यांपैकी काहीही यादीत नाही.

टॉवेलवाल्यांकडेही युरोपच्या ग्राहकांचे कार्बनचे फॉर्म येतात, म्हणून हा प्रश्न होतो. ते फॉर्म ग्राहक स्वतःच्या कंपनीच्या अहवालासाठी मागतो. त्याचा सीमेवरच्या पैशांशी संबंध नाही. कोणी सल्लागार टॉवेलच्या युनिटला ‘सीबॅम सर्टिफिकेट’ विकत असेल तर त्याला आधी कोड विचारा.

सिमेंट यादीत आहे आणि आपल्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखानेही आहेत, पण इथला माल युरोपला जात नाही. त्यामुळे सोलापूरपुरता हा विषय पोलादाचाच आहे.

४. आम्ही पोलादी भाग बनवतो. आमचा माल यादीत आहे की नाही हे कसं ओळखायचं?

युरोपच्या कस्टममध्ये माल कोणत्या कोडखाली उतरतो ते बघायचं. मालाचं नाव काहीही असो. प्रकरण 72 मधलं बहुतेक पोलाद आणि प्रकरण 73 मधले 7301 ते 7311, तसंच 7318 आणि 7326 हे कोड यादीत आहेत. म्हणजे फ्लॅंज आणि पाइप फिटिंग (7307), नट-बोल्ट (7318) आणि ज्यांना दुसरीकडे जागा नाही अशा पोलादी वस्तू (7326) सापडतात. लोखंडाच्या इतर ओतीव वस्तूंचा कोड 7325 मात्र यादीत नाही. फाउंड्रीवाल्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं.

इन्व्हॉइसवर तुम्ही लिहिलेला एचएसएन आणि ग्राहकाने तिकडे भरलेला कोड यांचे पहिले सहा आकडे जुळायला हवेत. ते जुळत नाहीत अशा फाइली नेहमी सापडतात. ग्राहकाकडून त्याच्या आयात घोषणेतला आठ आकडी कोड लेखी मागवून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

५. कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट आणि गाड्यांच्या भागांचं काय?

शाफ्टचा कोड 8483, गाडीच्या भागांचा 8708. हे दोन्ही आजच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर आज सीबॅम नाही.

गोम कच्च्या फोर्जिंगमध्ये आहे. मशिनिंग न केलेला घडीव तुकडा पाठवला तर तो 7326 मध्ये जाईल की शाफ्टमध्ये? कस्टमचा सर्वसाधारण नियम असा की अपुऱ्या वस्तूत पूर्ण वस्तूचं मूळ रूप आलेलं असेल तर ती पूर्ण वस्तूच्या कोडखाली जाते. क्रँकशाफ्टचं फोर्जिंग बघताक्षणी क्रँकशाफ्ट वाटतं आणि त्याचा दुसरा उपयोग नसतो, म्हणून ते 8483 कडे झुकतं. साधी रिंग किंवा डिस्क अनेक कामांना चालते, ती 7326 मध्ये राहते. सीबॅम चुकवायचा म्हणून कोड बदलू नका. जुन्या पाच वर्षांच्या बिलांवर एक कोड आणि २०२६ पासून अचानक दुसरा, हे तिकडच्या अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

आणखी एक: डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेल्या सुमारे १८० पुढच्या वस्तू २०२८ पासून यादीत आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो संसद आणि सदस्य देशांच्या मंजुरीतून जायचा आहे. शाफ्टवाल्यांनी आज कागद करायची गरज नाही, पण पोलाद कुठल्या मिलचं येतं याची नोंद आतापासून ठेवायला हरकत नाही.

६. ५० टनांपर्यंत माफी आहे म्हणे. आम्ही वर्षाला ३० टनच पाठवतो, मग सुटलो ना?

ही माफी तुमच्या टनांवर मोजत नाहीत. ती युरोपातल्या आयातदाराच्या टनांवर मोजतात: एका कॅलेंडर वर्षात त्याने सगळ्या देशांतून, सगळ्या पुरवठादारांकडून आणलेला यादीतला माल मिळून ५० टनांच्या आत हवा. तुमचे ३० टन एखाद्या छोट्या हार्डवेअर व्यापाऱ्याकडे जात असतील आणि तो बाहेरून दुसरं काही आणत नसेल तर माफी. तेच ३० टन मोठ्या वितरकाकडे गेले, ज्याचं चीन आणि तुर्कस्तानातूनही शेकडो टन येतं, तर पहिल्या किलोपासून हिशेब.

म्हणून ग्राहकाला सरळ विचारा: तुम्ही ‘अधिकृत सीबॅम घोषणाकर्ता’ म्हणून नोंदणी केली आहे का? मर्यादा ओलांडणाऱ्याला ती करावीच लागते. एकाच मालकाच्या दोन-तीन कंपन्यांच्या नावावर माल वाटून मर्यादेखाली राहण्याची युक्ती कायद्याने आधीच ओळखली आहे. तिला पळवाट समजून कारवाई होते.

७. पैसे कोण भरतो आणि कधी?

कायद्याने आयातदार. तुम्ही युरोपच्या सरकारला एक पैसाही देत नाही. २०२६ मध्ये उतरलेल्या मालासाठी तो फेब्रुवारी २०२७ पासून सीबॅम प्रमाणपत्रं विकत घेईल आणि ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत वार्षिक घोषणा भरून ती जमा करेल. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. भाव युरोपच्या परवाना लिलावाच्या सरासरीवरून ठरतो: २०२६ च्या मालासाठी तिमाही सरासरी, त्यानंतर आठवड्याची.

प्रमाणपत्रं कमी पडली तर दंड टनामागे १०० युरो, आणि प्रमाणपत्रं घ्यावी लागतात ती वेगळीच. या भीतीमुळे आयातदार तुमच्याकडे इतका तगादा लावतो. कायद्याने तो भरतो, पण व्यवहारात बोजा कोणावर पडतो हे तुमच्या कराराने ठरतं (प्रश्न १५ पाहा).

८. आमच्या मालाचा उत्सर्जनाचा आकडा काढायचा कसा? एक पूर्ण उदाहरण द्या.

चिंचोळीतलं एक काल्पनिक फ्लॅंज युनिट घेऊ. वर्षाला ३०० टन तयार फ्लॅंज जर्मनीला जातात. त्यासाठी ३६० टन राउंड बार लागतो. उरलेले ६० टन फ्लॅश, कापलेली टोकं आणि मशिनिंगची बर. बार तापवायची भट्टी फर्नेस ऑइलवर आहे आणि वर्षाला ३६ टन तेल जळतं.

पहिला भाग भट्टीचा. फर्नेस ऑइलचा एक टन जळला की साधारण ३.१३ टन कार्बन डायऑक्साइड होतो. ३६ टनांचे झाले ११३ टन.

दुसरा भाग बारचा. बार स्वतः यादीतला माल आहे, म्हणून तो तुमच्या मालाचा ‘पूर्वघटक’ ठरतो आणि त्याचं उत्सर्जन तुमच्या मालाला चिकटून येतं. समजा मिलने दिलेला आकडा टनाला २.२ आहे. ३६० गुणिले २.२ म्हणजे ७९२ टन. इथे गुणाकार ३६० ने करायचा, ३०० ने नाही. वाया गेलेल्या पोलादाचा धूरही तयार फ्लॅंजच्याच डोक्यावर बसतो.

एकूण ९०५ टन, भागिले ३०० टन माल, म्हणजे टनाला साधारण ३.०.

आता या ९०५ मध्ये भट्टीचा वाटा बघा: जेमतेम साडेबारा टक्के. बाकी सगळं बारबरोबर ट्रकमधून आलं. शिवाय ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीने काही पोलादी वस्तूंसाठी शेवटच्या घडणावळीचं उत्सर्जन हिशेबातून वगळलं आहे. तुमचा कोड त्यात बसत असेल तर ते ११३ टन गळतात आणि आकडा २.६४ वर येतो, म्हणजे निव्वळ बारचा. दोन्हीकडून निष्कर्ष एकच: तुमचं बिल तुमच्या भट्टीपेक्षा तुमच्या बारवर ठरतं.

मोजणीची साधनं साधी आहेत: तेलाची खरेदी बिलं आणि टाकीचा वर्षाच्या सुरुवातीचा व शेवटचा साठा, बारचं स्टॉक रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या, भंगार विक्रीची बिलं. बार आत आला तेवढाच माल अधिक भंगार अधिक भट्टीतला खवला बाहेर गेला पाहिजे. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी देशांतर्गत ऑर्डरचा बार एक्स्पोर्टच्या खात्यात मिसळला आहे, असं समजून शोधा.

९. २०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचे आहेत ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. अडीच टक्के हा आकडा खरा आहे, पण तो तुमच्या उत्सर्जनाला लागत नाही. युरोपच्या कारखान्याला फुकट परवाने त्याच्या सगळ्या धुरासाठी मिळत नाहीत. ते एका ठरलेल्या मापापुरते, म्हणजे बेंचमार्कपुरते मिळतात. २०२६ मध्ये त्या बेंचमार्कचे ९७.५ टक्के फुकट आहेत. तुमच्या मालालाही तेवढीच सूट. बेंचमार्कच्या वर जे उत्सर्जन आहे त्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण भाव.

वरचंच युनिट घ्या. त्याच्या मालाचा बेंचमार्क उदाहरणापुरता १.६ धरू. २०२६ ची सूट १.६ चे ९७.५ टक्के, म्हणजे १.५६. तुमचा आकडा ३.०. फरक १.४४ टन, गुणिले ७५ युरो, म्हणजे टनाला १०८ युरो. ३०० टनांना ३२,४०० युरो, आपले ३२ लाख ४० हजार. ‘अडीच टक्के’ वाल्या हिशेबाने हेच टनाला साडेपाच युरोच्या आसपास येतं आणि माणूस निर्धास्त होतो.

पुढे सूट घसरत जाते. सुरुवातीला हळू: २०२७ मध्ये ९५ टक्के, २०२८ मध्ये ९०. मग वेगाने: २०२९ मध्ये ७७.५ आणि २०३० मध्ये ५१.५. २०३४ मध्ये शून्य. आपल्या उदाहरणात २०३० ला टनाला १६३ युरो आणि २०३४ ला २२५ युरो होतात, भाव ७५ वरच राहिला असं धरून.

१०. आम्ही छतावर सोलर बसवलं आहे. त्याचा फायदा मिळेल ना?

सीबॅममध्ये नाही. पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात, म्हणजे तुमच्या आवारात इंधन जळून किंवा प्रक्रियेतून निघालेलं. विकत घेतलेल्या विजेचा धूर पोलादात मोजत नाहीत. सिमेंट आणि खतांत मोजतात. त्यामुळे कोळशावरची ग्रिडची वीज वापरणारा आणि सोलरवाला इथे एकाच रांगेत.

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. बार तापवायला तेलाच्या भट्टीऐवजी इंडक्शन हीटर लावला तर तेवढं थेट उत्सर्जन हिशेबातून जातं, वीज कुठूनही येवो. पण आठव्या प्रश्नातला साडेबारा टक्क्यांचा वाटा आठवा. केवळ सीबॅमसाठी हीटर घेऊ नका. तेलाचा खर्च, खवला आणि तापमानावरचा ताबा हा हिशेब जमत असेल तर घ्या.

११. बार आम्ही पुण्याच्या ट्रेडरकडून घेतो. त्याला कार्बनचं विचारलं तर तो हसतो. काय करायचं?

खरं दुखणं हेच आहे. ट्रेडरकडे उत्सर्जनाची माहिती नसतेच, पण त्याच्याकडे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट असतं आणि त्यावर हीट नंबर असतो. तिथून मिल कळते. तुमच्या एक्स्पोर्टच्या प्रत्येक लॉटची बार-हीट-मिल अशी साखळी कागदावर बसली की मिलच्या एक्स्पोर्ट किंवा गुणवत्ता विभागाला त्या मिलच्या उत्पादनाचा टनामागचा आकडा मागता येतो. युरोपीय आयोगाने यासाठी एक ठरावीक एक्सेल फॉर्म दिला आहे. त्यातच उत्तर मागा, म्हणजे पुन्हा पत्रव्यवहार होत नाही.

स्वतः युरोपला पाठवणाऱ्या मोठ्या मिलकडे हा आकडा तयार असतो. कोळशाच्या स्पंज आयर्नवर इंडक्शन फर्नेस चालवणाऱ्या छोट्या मिलकडून तो मिळणं कठीण, आणि मिळाला तरी बहुधा मोठा असतो, कारण स्पंज आयर्न बनवताना जळलेला कोळसा त्यात येतो.

व्यवहारात जमणारा मार्ग: एक्स्पोर्टचा बार वेगळा ठेवा. देशातल्या ऑर्डरसाठी ट्रेडरचा स्वस्त बार चालू द्या, पण युरोपच्या कोडचा माल एक-दोन ठरलेल्या मिलच्या बारवरच घ्या. रॅकला वेगळा रंग मारा, इश्यू स्लिपवर हीट नंबर लिहा. टनाला दोन-तीन हजार रुपये जास्त मोजावे लागले तरी नवव्या प्रश्नातले १०८ युरो शेजारी मांडून बघा.

१२. आकडा दिलाच नाही तर काय होईल?

मग आयातदार आयोगाने ठरवलेले डिफॉल्ट आकडे वापरतो. ते देशागणिक आणि मालागणिक आहेत, आणि पोलादात त्यांवर मुद्दाम चढ ठेवला आहे: २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २०, आणि २०२८ पासून ३०. हेतू उघड आहे, माहिती न देणं महाग पडावं.

तरीही डिफॉल्ट नेहमी वाईटच असं नाही. डिफॉल्ट वापरला तर पडताळणी लागत नाही. वर्षाला ४० टन पाठवणाऱ्याला पडताळणीचा खर्च मालावर वाटला तर कधी कधी वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त पडतो. आणि तुमचा बार कोळशाच्या मार्गाचा असेल तर खरा आकडा डिफॉल्टच्या वरही जाऊ शकतो. आधी स्वतःपुरता कच्चा हिशेब करा आणि मगच ग्राहकाला ‘आम्ही खरा आकडा देऊ’ असा शब्द द्या.

१३. पडताळणी म्हणजे नेमकं काय बघतात? आमच्या सीएने सही केली तर चालेल का?

नाही चालणार. खरे आकडे वापरायचे तर या कामासाठी मान्यता मिळालेल्या पडताळणीकाराचा अहवाल लागतो आणि पहिल्या वेळी त्याला कारखान्यात यावं लागतं.

तो बेरजा कमी आणि मापं जास्त तपासतो. तेलाच्या टाकीला मापपट्टी आहे का, वजनकाट्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे का, जनरेटरचं डिझेल आणि भट्टीचं तेल वेगळं नोंदलं आहे का, मिलचा आकडा कोणत्या वर्षाचा आहे आणि तोही पडताळलेला आहे का. शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त फाइली अडतात. तुमचा स्वतःचा आकडा कितीही चोख असला तरी बारचा आकडा पडताळलेला नसेल तर त्या भागाला डिफॉल्ट लागतो, आणि तो भाग मोठा आहे.

१४. आकडा खरोखर खाली आणायचा असेल तर कुठे हात घालावा?

दोन जागा.

पहिली, वाया जाणारं पोलाद. वरच्या युनिटने डाय आणि कापणीचं माप सुधारून ३६० ऐवजी ३३० टन बारमध्ये तेवढेच फ्लॅंज काढले तर बारचे ७२६ आणि भट्टीचे १०३ मिळून ८२९ टन होतात. टनाचा आकडा ३.०२ वरून २.७६ वर येतो. टनाला जवळपास १९ युरो वाचले, आणि ३० टन बारची किंमत वाचली ती आधीच तुमच्या खिशात. वाचलेला बार विकत घ्यावाच लागला नाही, हा सीबॅमच्या आधीचा नफा आहे.

दुसरी, बारचा मार्ग. भंगार वितळवून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये बनवलेल्या बारचा आकडा खूप कमी असतो, कारण भंगाराचं स्वतःचं उत्सर्जन आजच्या नियमांत शून्य धरतात. बार ०.५ चा मिळाला तर आपल्या युनिटचा आकडा ३.० वरून १ च्या आत येतो. पण लगेच हुरळून जाऊ नका. बेंचमार्क पोलादाच्या मार्गानुसार वेगळा आहे आणि भंगाराच्या मार्गाचा बराच खाली आहे, म्हणून सूटही कमी मिळते. उदाहरणापुरता तो ०.२ धरला तर टनाला साधारण ५८ युरो येतात. १०८ च्या मानाने चांगलेच कमी, पण शून्य नव्हे. शिवाय ग्राहकाच्या ड्रॉइंगवर पोलाद बनवण्याची पद्धत किंवा शुद्धतेची अट असेल तर त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मिल बदलू नका.

डिसेंबर २०२५ च्या प्रस्तावात (प्रश्न ५) कारखान्यातून निघणाऱ्या नव्या भंगारालाही उत्सर्जन लावण्याचा विचार आहे. तो मंजूर झाला तर भंगाराच्या बारचा हा फायदा कमी होईल.

१५. ग्राहक म्हणतो, सीबॅमसाठी किमतीत सरसकट आठ टक्के सूट द्या. द्यावी का?

आकडा न मांडता देऊ नका. २०२६ चा त्याचा खर्च तुमच्याकडच्या उत्सर्जनावर, बेंचमार्कवर आणि त्या तिमाहीच्या भावावर ठरतो. टक्केवारीचा त्यात कुठेच संबंध नाही. स्वस्त मालावर आठ टक्के कमी पडतील, महाग स्टेनलेसवर भलतेच जास्त होतील.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. भार वाटायचाच असेल तर तो पडताळलेल्या आकड्यावर आणि प्रकाशित भावावर मोजला जाईल. त्याने घोषणेत तुमच्या मालासाठी भरलेला आकडा तो तुम्हाला दाखवेल. आणि तुम्ही वेळेत आकडा देऊनही त्याने डिफॉल्ट वापरला तर फरक त्याचा. तिसरी अट ऐकून काही ग्राहक कुरकुरतात, पण बहुतेक मान्य करतात, कारण त्यांनाही तुमचा खरा आकडा हवाच असतो.

१६. आपण इथे कोळशावर सेस भरला, आता भारतातही कार्बनचा बाजार येतो आहे. ते वजा होत नाही का?

मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत वजा करता येते, पुराव्यासह. पण ती उत्सर्जन कमी करण्याच्या योजनेखाली, उत्सर्जनावर मोजून भरलेली हवी. कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा सेस कोळशाच्या वजनावर होता, आणि सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेरबदलात तो गेलाही.

भारताची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात ठरवून दिलेल्या मोठ्या कारखान्यांना उत्पादनामागच्या उत्सर्जनाचं लक्ष्य मिळतं. फोर्जिंग युनिट त्यात येत नाही. तुमच्या मिलला उद्या त्यात क्रेडिट विकत घ्यावी लागली तर तेवढी किंमत तुमच्या मालात वजा दाखवता येऊ शकेल, पण उलट मिलने लक्ष्य गाठून क्रेडिट विकली तर तिने काही भरलंच नाही, मग वजा काय करणार?

१७. युरोपशी मुक्त व्यापार करार झाल्यावर सीबॅम जाईल ना?

जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, पण सीबॅम त्यातून रद्द झालेला नाही. करार ड्यूटी कमी करतो, सीबॅम वेगळ्या कायद्याखाली चालतो. ड्यूटी शून्य झालेल्या फ्लॅंजवरही सीबॅम लागेल.

१८. आमचा माल मुंबईचा मर्चंट एक्स्पोर्टर पाठवतो. मग आकडा त्याचा की आमचा?

तुमचा. उत्सर्जन कारखान्याचं असतं, शिपिंग बिलावरच्या नावाचं नाही. आयातदाराला कारखान्याचा पत्ता आणि तिथला आकडा लागतो. मर्चंट एक्स्पोर्टर तीन कारखान्यांचा माल एका कंटेनरमध्ये भरत असेल तर तीन वेगळे आकडे जातील. त्याने सरासरी काढून पाठवली तर ती पडताळणीत टिकणार नाही.

मर्चंटला आपला बारचा पुरवठादार कळू नये अशी काहींची इच्छा असते, आणि ती समजण्यासारखी आहे. आयोगाच्या नोंदणी प्रणालीत कारखानदाराला स्वतः नोंद करून आपली माहिती थेट आयातदाराला उघडी करता येते. मधल्या माणसाच्या हातात एक्सेल द्यावं लागत नाही.

१९. आमचा काही माल इंग्लंडला जातो. तिथेही हेच नियम?

ब्रिटन युरोपीय संघात नाही, त्यामुळे युरोपची घोषणा तिथे चालत नाही. त्यांचा स्वतःचा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून येतो आहे आणि पोलाद त्यातही आहे. माफीचं माप तिथे टनांत नसून किमतीत आहे: बारा महिन्यांत ५०,००० पौंडांचा यादीतला माल आणणाऱ्या आयातदाराला नोंदणी करावी लागेल. पौंडांतली मर्यादा महाग फ्लॅंजला लवकर ओलांडली जाते, म्हणून युरोपात ५० टनांखाली सुटणारा ग्राहक ब्रिटनमध्ये सुटेलच असं नाही. बारच्या हीट नंबरची आणि मिलच्या आकड्याची फाइल मात्र दोन्हीकडे तीच वापरता येईल. फक्त इंग्लंडच्या ऑर्डरचे लॉट आतापासून वेगळ्या पानावर उतरवा.